लांबलेला नोकरीचा शोध आणि छाननीचा मंगळवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा स्वतःचा शोध अकरा महिने चालला. त्यानंतर अशाच लांबलेल्या शोधात अडकलेल्या बऱ्याच जणांसोबत बसायची वेळ आली. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. शोध सुरू होऊन महिनाच झाला असेल तर यातलं बरंचसं आत्ता लागणार नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मात्र उपयोगी पडेल.

रोज आठ-दहा तास शोधलं तर नोकरी लवकर नाही का मिळणार?

पहिले काही आठवडे तसं वाटतं. पण तुमच्या अनुभवाला साजेशा नव्या जागा आठवड्याला किती निघतात, हे एकदा मोजून बघा. माझ्या क्षेत्रात पंधरा-वीस निघायच्या. तेवढ्या वाचायला दिवसाचे आठ तास लागत नाहीत. उरलेल्या वेळात माणूस कालचीच जाहिरात पुन्हा वाचतो, नाहीतर आपला काही संबंध नसलेल्या जागांवर बटण दाबत बसतो. दिवसभर काम केल्यासारखं वाटतं आणि हाती काही लागत नाही.

शिवाय हा जोर टिकत नाही. 2009 च्या शेवटी आणि 2010 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ॲलन क्रूगर आणि अँड्रियास म्युलर या अर्थतज्ज्ञांनी सहा हजारांवर बेरोजगारांची पाहणी केली. त्यांना आठवड्यामागून आठवडे तेच प्रश्न विचारले गेले, काहींना चोवीस आठवड्यांपर्यंत. बेकारी लांबत गेली तसा शोधाला दिलेला वेळ उतरत गेला. आणि शोधाचे तास हे त्यांच्या दिवसातले विशेष उदास तास होते. म्हणजे वेळ आपोआप कमी होणारच आहे. तो कोणत्या कामातून कमी करायचा, एवढंच आपण ठरवू शकतो.

थकव्यानं निर्णय बिघडतो म्हणजे नेमकं काय बिघडतं?

थकलेला माणूस नेहमी "मिळेल ते चालेल" म्हणतो असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मला दोन उलट्या गोष्टी दिसल्या आहेत, आणि कधीकधी एकाच माणसात, एकाच आठवड्यात.

पहिली म्हणजे घसरण. जाहिरात पूर्ण न वाचता अर्ज जातो. फिरतीची अट चौथ्या परिच्छेदात असते आणि डोळे दुसऱ्या परिच्छेदावर थांबलेले असतात. दुसरीला मी आंबणं म्हणतो. सगळ्या जाहिराती सारख्याच वाटतात, कंपनीचं नाव दिसताच "हे कुठे आपल्याला घेणार" असं मनात येतं आणि चांगली जागा अर्ज न करताच सुटते. हे नुकसान जास्त वाईट, कारण ते दिसतच नाही. चुकीचा अर्ज केला तर निदान नकार तरी येतो. न केलेल्या अर्जाची कुठेच नोंद नसते.

तिसरी गोष्ट तुलनेची. लागोपाठ सात टुकार जाहिराती वाचल्या की आठवी साधीसुधी जागाही उत्तम वाटते. तीच जाहिरात पहिली वाचली असती तर तसं वाटलं नसतं.

इच्छाशक्ती ही बॅटरीसारखी वापरली की संपते, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. त्यावर फार विसंबू नका. 2016 मध्ये वीसपेक्षा जास्त प्रयोगशाळांनी मिळून तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणून "छाननीआधी काहीतरी गोड खा" छापाचे सल्ले मी देत नाही. इथला थकवा आठवड्यांमागून साचत गेलेला असतो. त्यात अपुरी झोप असते, नकार असतात आणि घरातला ताणही असतो.

मग आठवडाच का? रोजचं वेळापत्रक का नको?

रोजचं वेळापत्रक एका वाईट दिवसात मोडतं. सकाळी नकाराची मेल आली की तो दिवस गेला, आणि दिवस गेला की वेळापत्रक पाळलं नाही याची टोचणी वेगळी. महिना हा काळ फार मोठा आहे, त्यात पंधरा दिवस कुठे गेले ते कळत नाही. आठवड्यात एखादा दिवस बुडाला तरी भरून काढायला जागा असते.

दुसरं कारण जुनं आहे. 1930 च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएंथाल या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या अभ्यासकांनी त्या गावाचा अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण मात्र घटलं. अभ्यासकांनी खिडकीतून घड्याळ लावून रस्त्यावरच्यांची चाल मोजली, तर पुरुष हळू चालत होते आणि वाटेत सारखे थांबत होते. गिरणीच्या भोंग्याबरोबर त्यांच्या दिवसाचा आकारही गेला होता. नोकरी जाते तेव्हा सोमवार आणि शुक्रवार यांतला फरकही जातो. तो आपल्यालाच पुन्हा आखावा लागतो.

आठवडा कसा मांडायचा?

मुळातली गोष्ट एकच. जागा जमवणं, जागांची छाननी करणं आणि अर्ज लिहिणं ही तीन कामं वेगळी आहेत, ती एका बैठकीत करायची नाहीत. बहुतेक जण पोर्टल उघडतात, जाहिरात दिसते, तिथेच मत बनवतात आणि तिथेच अर्ज करतात. मग पंचविसाव्या जाहिरातीपर्यंत पोचताना डोकं जसं असेल तसा तिचा निकाल लागतो.

मी असं करायचो: शुक्रवारी आणि सोमवारी फक्त जमवायचं, प्रत्येकी तासभर. मंगळवारी सकाळी छाननी, फार तर दीड तास आणि फार तर दहा जाहिराती. बुधवार आणि गुरुवार अर्ज लिहिण्याचे. ओळखीच्यांशी बोलणं, पाठपुरावा, फोन हे गुरुवारी दुपारी आणि शनिवारी सकाळी. शुक्रवारी जमवणं झालं की वहीत आठवड्याची नोंद. रविवारी काहीच नाही, जॉब अलर्टसुद्धा बंद.

वार तुमचे तुम्ही ठरवा. पण छाननी सकाळी हवी, आणि मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी नको. मुलाखत चांगली गेली असेल तर बाकी सगळं फिकं वाटतं, वाईट गेली असेल तर सगळं हवंहवंसं वाटतं.

जमवताना मत बनतंच. ते कसं थांबवायचं?

थांबत नाही. फक्त त्यावर लगेच काही करायचं नाही. जमवताना तीन गोष्टी टिपायच्या: जागेचं नाव, शेवटची तारीख आणि जाहिरातीचा पूर्ण मजकूर. मजकूर उतरवून ठेवणं महत्त्वाचं, कारण मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंत जाहिरात पोर्टलवरून काढलेली असते आणि आपण कशासाठी अर्ज केला होता तेच आठवत नाही. स्टार देणं, "मस्त", "बकवास" असे शेरे मारणं टाळा. सोमवारी रात्री मारलेला शेरा मंगळवारी सकाळच्या डोक्याला वळण लावतो.

छाननी कशाच्या आधारे करायची?

एका कागदाच्या. तो शोधाच्या सुरुवातीला लिहिलेला असेल तर उत्तम. नसेल तर येत्या रविवारनंतरच्या सकाळी लिहा.

कागदावर वर तीन अटी. या मोडल्या तर जागा बाद. तीनच, कारण सात अटी लिहिल्या की त्यातल्या चार आपोआप "बघू" होतात. अटी अशा लिहा की जाहिरात वाचून किंवा एका फोनवर हो-नाही ठरवता यावं. "चांगलं वातावरण" ही अट होत नाही. "महिन्यात चारपेक्षा जास्त रात्री बाहेर राहावं लागू नये" ही होते.

खाली गुण द्यायच्या दोन-तीन गोष्टी, एकूण दहापैकी. माझ्या कागदावर रोजचं काम किती आवडीचं याला पाच, दोन वर्षांनी पुढे काय याला तीन आणि जाण्यायेण्याचा वेळ याला दोन होते. आकड्यांत काही जादू नाही. ते आधीच लिहिलेले आहेत एवढाच त्यांचा उपयोग.

प्रत्येक जागेपुढे एका ओळीत कारण लिहायचं. ही ओळ कंटाळवाणी वाटते, पण पुढे थकवा ओळखायला तीच सगळ्यात जास्त कामी येते.

एखादं खरं उदाहरण द्याल?

माझ्या ओळखीतली एक बाई, खरेदी विभागात नऊ वर्षं काम केलेली. कंपनीनं तो विभागच बंद केला. पंधराव्या आठवड्यात ती भेटली तेव्हा मागच्या आठवड्यात तिनं तेवीस अर्ज केले होते. सगळे रात्री दहानंतर, मुलगी झोपल्यावर. आदल्याच महिन्यात ती एका ठिकाणी तिसऱ्या फेरीपर्यंत गेली होती. तिथे कळलं की महिन्यातले दहा-बारा दिवस पुरवठादारांकडे फिरती आहे, जी तिला अजिबात शक्य नव्हती. जाहिरातीत ते लिहिलेलं होतं. तीन फेऱ्यांची तयारी वाया गेली, आणि नाही म्हणताना आपलीच चूक असल्यासारखं वाटलं ते वेगळंच.

आम्ही ते तेवीस अर्ज मंगळवारी सकाळी पुन्हा काढले. अटी आधी लिहून घेतल्या: फिरती महिन्यात चार रात्रींपेक्षा जास्त नको, मागच्या पगाराच्या ऐंशी टक्क्यांखाली नको, आणि काम खरेदीचंच हवं, नुसती बिलं चढवण्याचं नको. एका बैठकीत दहाच जाहिराती, म्हणून तीन सकाळी लागल्या. सहा जागा तिन्ही अटींत बसल्या. पाच ठिकाणी जाहिरातीवरून कळत नव्हतं, फोन करावा लागणार होता. बारा बाद. त्या बारांमधल्या चार तर एकच जागा होती, वेगवेगळ्या एजन्सींनी टाकलेली. तिनं एकाच खुर्चीसाठी चार अर्ज केले होते आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मग मी विचारलं, त्या रात्री काय सोडून दिलं? ब्राउझरच्या हिस्टरीत बघितलं तर उघडून बंद केलेल्या दोन जाहिराती सापडल्या. दोन्ही अटींत बसत होत्या. एक मोठ्या कंपनीची होती, "ते मला घेणार नाहीत" म्हणून सोडलेली. दुसरी का सोडली ते तिला आठवत नव्हतं. म्हणजे एकाच आठवड्यात ती घसरलीही होती आणि आंबलीही होती.

पुढच्या आठवड्यांत तिचे अर्ज पाच ते सातवर आले. बोलावणी वाढली का? फारशी नाही. पण आली ती अटींत बसणाऱ्या जागांचीच, त्यामुळे तिसऱ्या फेरीत तोंडघशी पडणं थांबलं. नोकरी सव्विसाव्या आठवड्यात लागली, आणि तीही "फोन करून विचारायचं" या ढिगातल्या जागेची.

एखादी जाहिरात मंगळवारच्या आत बंद होणार असेल तर?

शुक्रवारी जमवून झालं की अर्धा तास ठेवा. त्यात फक्त सोमवारपर्यंत मुदत असलेल्या जागा बघायच्या, त्याच कागदावर, त्याच अटींनी. "लवकर अर्ज करा" एवढंच लिहिलेलं असेल तर ती मुदत नाही. काही क्षेत्रांत मात्र खरंच दोन-तीन दिवसांत अर्ज घेणं थांबवतात. तिथे छाननीचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार असे दोन करा, प्रत्येकी पाच जाहिरातींचे. रोजची छाननी करायची वेळ जवळपास कधीच येत नाही.

अटी कधी सैल करायच्या?

महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, समोर एकही जाहिरात उघडी नसताना. अट सैल करणं म्हणजे हार नाही. साठवलेले पैसे संपत आले असतील तर ती करायलाच हवी. पण एखादी जागा समोर असताना अट बदलली तर ती त्या जागेला बसावी म्हणून बदललेली असते.

या महिन्याच्या बैठकीत आधी एक आकडा काढा: आहे त्या खर्चात आणखी किती आठवडे निघतील? मग एक अट घ्या, ती किती सैल करायची ते लिहा आणि तारीख टाका. एका वेळी एकच. न्यू जर्सीच्या त्या पाहणीत लोकांनी सांगितलेला किमान पगार शोध लांबला तरी फारसा खाली आला नव्हता. मीही हेच पाहिलं आहे. पगाराचा आकडा माणूस घट्ट धरून बसतो, आणि कामाचं स्वरूप, वेळ, फिरती या गोष्टी न सांगता सैल होतात. कधीकधी उलटं करणं शहाणपणाचं असतं.

मी थकलोय हे मला कसं कळणार? थकलेल्या डोक्याला ते कळतं का?

सहसा नाही, म्हणून बाहेरची खूण लागते. माझी आवडती खूण म्हणजे जुनी जाहिरात. चार आठवड्यांपूर्वी छाननी केलेल्या दोन जाहिराती आजच्या दहामध्ये मिसळा, जुने गुण झाकून ठेवा आणि पुन्हा गुण द्या. एखाद्या गुणाचा फरक पडणारच. पण दोन्हींचे गुण एकाच दिशेनं दोनपेक्षा जास्त सरकले आणि मधल्या काळात कागदावरची अट बदललेली नसेल, तर जाहिरात तीच आहे, तुम्ही सरकला आहात. गुण वर गेले तर घसरण, खाली गेले तर आंबणं.

दुसरी खूण त्याहून सोपी. जाहिरात वाचून स्क्रीन झाका आणि या जागेवरचा माणूस सकाळी आल्यावर काय करत असेल ते दोन वाक्यांत सांगा. सांगता आलं नाही तर तुम्ही ती वाचलेली नाही. लागोपाठ तीन जाहिरातींना असं झालं तर त्या दिवशी वही मिटा.

आणि कारणांची ओळ बघा. पहिल्या महिन्यात तिथे "पुरवठादारांशी वाटाघाटी आहेत, हवं तेच" असं लिहिलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात "ठीक", "बघू", "काय हरकत आहे". कारणं आखूड झाली की समजून घ्या.

खूण दिसली. आता काय?

त्या आठवड्यात छाननी रद्द, जमवणं चालू. मजकूर साठलेला असतो, त्यामुळे फारसं काही सुटत नाही. आधी ठरलेल्या मुलाखती द्यायच्या. पुढच्या मंगळवारी दहाऐवजी पाचच जाहिराती. सलग दोन आठवडे तीच खूण दिसली तर तिसऱ्या वेळी कुणाला तरी शेजारी बसवा आणि जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवा. डोळे उडी मारतात, तोंडाला ते जमत नाही.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर हे वेळापत्रकाचं काम नाही. डॉक्टरांकडे जा.

नकार आला त्या दिवशी काय करावं?

छाननी सोडून काहीही. अर्ज लिहायला हरकत नाही, तो आधी ठरलेल्या जागेचाच असतो.

ऑफर आली आणि "उद्यापर्यंत सांगा" म्हणाले तर?

आधी लेखी ऑफर मागा आणि दोन-तीन दिवसांची मुदत मागा. बरेच एचआर देतात, नाही दिली तरी विचारल्यानं ऑफर सहसा जात नाही. मग तोच कागद काढा. इथे थकवा सगळ्यात जोरात बोलतो, कारण हो म्हटलं की शोध संपणार असतो. त्या सुटकेला जागेचे गुण समजण्याची चूक मी स्वतः केली आहे. म्हणून प्रश्न असा विचारायचा: ही ऑफर माझ्या शोधाच्या दुसऱ्या आठवड्यात आली असती तर मी हो म्हटलं असतं का? उत्तर "नाही" असेल, तर दुसऱ्या आठवड्यापासून आजपर्यंत काय बदललं ते लिहा. पैसे संपत आले असतील तर ते खरं कारण आहे, हो म्हणा. "कंटाळा आला" एवढंच निघालं तर एक रात्र जाऊ द्या.

मी सध्या नोकरीत आहे. मला फक्त रात्रीच वेळ मिळतो.

मग रात्री फक्त जमवा, त्याला ताजं डोकं लागत नाही. छाननी शनिवारी सकाळी, पाच-सहा जाहिराती. अर्ज आठवड्याला दोनच झाले तरी चालतील. तुमच्याकडे पगार चालू आहे, म्हणून कागदावरच्या अटी सैल करण्याची घाई सगळ्यात कमी तुम्हालाच आहे. पण आजच्या साहेबावरचा राग छाननीत शिरतो, तेवढं बघा. साहेबांशी खटका उडालेल्या आठवड्यात प्रत्येक जाहिरातीला दोन गुण जास्त पडतात.

घरचे रोज विचारतात, "आज किती अर्ज केलेस?"

त्यांना काळजी असते आणि विचारायला दुसरा आकडा नसतो. तो तुम्ही द्या. शुक्रवारच्या नोंदीतल्या चार गोष्टी आठवड्यातून एकदा सांगा: किती जागा जमवल्या, किती अटींत बसल्या, किती अर्ज गेले, कुठून उत्तर आलं. "सतरा जमवल्या, पाच बसल्या, पाच अर्ज, एक फोन" हे ऐकल्यावर आमच्या घरातले रोजचे प्रश्न बंद झाले. शुक्रवारी संध्याकाळी मात्र वडील वही बघायला येऊन बसायचे.